प्रवेशवार यादी आणि तिसरे लुगडे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सावित्रीबाईंवरच्या नाटकाची वेशभूषा आणि प्रॉपर्टी तुझ्याकडे आली आहे आणि तू पाठवलेली यादी मी सावकाश वाचली. वस्तू जवळजवळ सगळ्या आल्या आहेत, परंतु ही यादी बाजारात नेण्यासारखी झाली आहे, विंगेत उभे राहून वाचण्यासारखी नाही. ‘लुगडी 2, पिशवी 1, पाट्या 6, तांब्या 1’ एवढ्यावर तुळशीबागेत खरेदी होईल. पण दुसरा प्रवेश संपून अंधार झाला की पिशवी कोणाच्या हातात असायला हवी, हे त्यातून कळत नाही. म्हणून प्रत्येक प्रवेशासाठी वेगळे पान घे आणि प्रत्येक वस्तूपुढे पाच गोष्टी लिही: प्रवेशाच्या सुरुवातीला ती कुठे असते, रंगमंचावर ती कोण नेते, प्रवेशाच्या शेवटी ती कुठे उरते, ती पुन्हा कोणत्या प्रवेशात लागते आणि तिची जबाबदारी कोणाची. शेवटच्या रकान्यात एकच नाव हवे. दोन नावे लिहिली की दुसऱ्याने ठेवली असेल असे दोघांनाही वाटते.

हे भरताना संहिता दोनदा वाच. पहिल्या वाचनात कंसातल्या रंगसूचना पाहा आणि दुसऱ्या वाचनात केवळ संवाद, कारण पुष्कळ वस्तू संवादात दडलेल्या असतात. पहिल्या प्रवेशात जोतीराव ‘पाणी घेऊन निघा’ म्हणतात, तिथे रंगसूचनेत तांब्या नाही, तरी तो लागणारच.

आता तुझ्या नाटकातला सगळ्यात अवघड भाग घेऊ. 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे जाताना लोक चिखल-शेण फेकत, म्हणून सावित्रीबाई दुसरे लुगडे जवळ ठेवत, ही आठवण तुमच्या पहिल्या तीन प्रवेशांचा कणा आहे. पहिल्या प्रवेशात त्या ते लुगडे पिशवीत भरतात, दुसऱ्यात रस्त्यावर अंगावरचे मळते आणि तिसऱ्यात त्या स्वच्छ लुगड्यात मुलींसमोर उभ्या राहतात. तू ‘लुगडी 2’ लिहिले आहेस, कारण कथेत ती दोनच आहेत. रंगमंचावर मात्र तीन वस्तू लागतात. तिसऱ्या प्रवेशासाठीचे नऊवारी शिवलेले, कमरेला नाडी आणि हुक असलेलेच हवे, कारण साधे लुगडे नेसायला तेवढा वेळ मिळणार नाही. आणि हे शिवलेले लुगडे पिशवीत भरून ठेवले, तर बदलाच्या जागी ते हुक उघडून तयार ठेवता येणार नाही. शिवाय त्याची घडीही प्रेक्षकांना खऱ्या लुगड्यासारखी दिसत नाही. म्हणून पिशवीत भरायला त्याच रंगाच्या, त्याच काठाच्या कापडाचा एक तुकडा वेगळा घ्यावा लागेल. कापड घेतानाच तो जास्तीचा घे. नंतर गेलीस तर तोच काठ मिळेल याचा भरवसा नाही.

मळण्याची क्रियाही यादीतूनच ठरते. खरा चिखल किंवा ओली माती वापरू नका: अंधारात पुढच्या प्रवेशाच्या लहान मुली तिथूनच पळत येणार आहेत आणि फळ्या निसरड्या झाल्या तर कोणीतरी पडेल. स्पंजाचे तपकिरी रंगवलेले, पूर्ण वाळलेले गोळे फेकायला ठेवा. डाग मात्र आधीच पहिल्या लुगड्याच्या पदराच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवा. गोळा लागताच सावित्रीबाईंची भूमिका करणारी मुलगी प्रेक्षकांकडे पाठ करून वळेल, पदर उलटा घेईल आणि डागासकट समोर येईल. गोळे किती फेकले आणि किती उचलले, हे मोजण्याची जबाबदारी एकाच मुलाला दे, कारण राहिलेला गोळा तिसऱ्या प्रवेशात वर्गाच्या मधोमध दिसतो.

आता पिशवीची ओळ पाहा. माझ्या मते ती अशी व्हायला हवी:

प्रवेश 2. पिशवी (आत कापडाचा तुकडा). सुरुवातीला: डाव्या विंगेतल्या टेबलावर. नेणार: सावित्रीबाई. शेवटी: उजव्या विंगेत. पुन्हा: प्रवेश 3, डावीकडून. जबाबदार: आठवीतली, या दोन्ही प्रवेशांत काम नसलेली मुलगी.

ही ओळ लिहिल्याबरोबर अडचण दिसते. सावित्रीबाई उजवीकडे बाहेर पडतात आणि शाळेचे दार डावीकडे आहे, म्हणजे त्यांना आणि पिशवीला मागच्या पडद्याआडून पलीकडे जावे लागेल. तुमच्या शाळेच्या सभागृहात पडदा भिंतीला टेकलेला आहे आणि मागून वाट नाही. मग दिग्दर्शक बाईंना विचारून शाळेचे दारच उजवीकडे आणणे बरे, आणि कपडे बदलण्याची खुर्चीही उजवीकडेच. मधल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण 40 सेकंदांचे आहे. दोन मुलींच्या मदतीने हा बदल त्यात बसतो का, हे फोनवर वेळ लावून तालमीत बघा. बसत नसेल तर मुलींना घाईला लावू नका, ओव्या वाढवा किंवा तिसऱ्या प्रवेशाचे पहिले चार संवाद वर्गातल्या मुलींना द्या.

जबाबदारी वाटताना एक नियम कसोशीने पाळ: ज्या प्रवेशात किंवा त्याच्या लगेच आधीच्या प्रवेशात मूल रंगमंचावर आहे, त्या प्रवेशाची वस्तू त्याच्याकडे देऊ नकोस. स्वतःच्या अंगावरचे कपडे मात्र ज्याचे त्याने सांभाळायचे, आणि मनगटी घड्याळ, नेलपॉलिश, रंगीत रबरबँड हे कोणी पाहायचे, तेही नावानिशी लिही. पाट्या लाकडी चौकटीच्याच आण. मण्यांची प्लॅस्टिकची पाटी 1848 सालच्या वर्गात खटकते. 1897 सालच्या प्लेगच्या शेवटच्या प्रवेशात वस्तू थोड्या आहेत, पण केस पांढरे करायला वेळ लागतो, तेव्हा तिथे रंगभूषेची मिनिटेही लिहून ठेव.

विंगेतल्या टेबलावर पांढरा कागद चिकटव, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून पेनाने तिची बाह्यरेषा काढ आणि आत वस्तूचे नाव व प्रवेशाचा क्रमांक लिही. वस्तू जागेवर नसेल तर रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते आणि प्रवेश सुरू होण्याआधी शोधाशोध करता येते. हाच कागद गुंडाळून नाट्यगृहात नेता येतो. भरत नाट्य मंदिरात प्रयोग असेल, तर तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही विंगा चालून बघणे आणि डावी-उजवी ही नटाने प्रेक्षकांकडे तोंड करून ठरवायची, हे सगळ्यांकडून एकदा वदवून घेणे. पेट्या प्रवेशाप्रमाणे भर, वस्तूंच्या प्रकाराप्रमाणे नको. सुई-दोरा, सेफ्टी पिना आणि जास्तीची नाडी यांची छोटी पिशवी कोणत्याही पेटीत न टाकता बदलाच्या खुर्चीलाच बांधून ठेव.

मागून आणलेल्या वस्तूंचे पान वेगळे कर. समई कोणाच्या घरची, तांब्या कोणाचा, लुगडे भाड्याचे असेल तर परत कधी द्यायचे, हे वस्तू हातात घेतानाच लिही आणि वस्तूचा फोटो काढ, म्हणजे आधीचा पोचा कोणता आणि आपल्याकडून पडलेला कोणता, यावर वाद होत नाही. पितळेवर चिकटपट्टी लावू नकोस, दोऱ्याने चिठ्ठी बांध. प्रयोग संपल्यावर मुले फोटोंसाठी धावतात. त्याआधी प्रत्येक जबाबदार मुलाने आपल्या वस्तू पेटीत ठेवून तुझ्यासमोर पानावर सही करायची, आणि भाड्याचे कपडे त्याच संध्याकाळी घाम वाळण्यासाठी हँगरवर टांगायचे.

नवी यादी झाली की पाठव. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रवेशाची पाने आधी पाठवलीस तरी चालेल.

तुझ्या,
बाई