डायनॅमिक रिझोल्यूशन लावण्याआधी एवढं बघ

भावा, स्फोट-धुराच्या सीनला गेम अडखळतो म्हणालास, तर आधी एक हिशोब समजून घे. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. धूर दाटला की ग्राफिक्स कार्डाला समज 20 लागले. डायनॅमिक रिझोल्यूशन आधीच्या फ्रेमना लागलेला वेळ बघून पुढची फ्रेम कमी पिक्सेलमध्ये काढतं, 1440 ओळींऐवजी साधारण 1310. पिक्सेल सुमारे 17 टक्केच कमी होतात आणि वेळ आवाक्यात येतो. धावपळीत ते सहसा जाणवतही नाही.

नवीन माणूस दोन ठिकाणी चुकतो:

- किमान मर्यादा 50 टक्क्यांवर सोडतो. लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या झाल्या की पिक्सेल चौथाईच उरतात. लांबची झाडं, तारा पुसट होतात. 75 पासून सुरू कर.
- दोष प्रोसेसरचा असतो आणि तो रिझोल्यूशनच कमी करत बसतो. साताऱ्यात माझ्या जुन्या पीसीवर बाजाराच्या गर्दीत 40 फ्रेमच यायच्या. रिझोल्यूशन हाताने खाली आणलं तरी आकडा हलेना, ग्राफिक्स कार्ड मात्र 60 टक्क्यांवर निवांत. गर्दीची सेटिंग कमी केली तेव्हा कुठे सुटलं.

सांगलीत घरी पोचलास की आधी रिझोल्यूशन हाताने कमी करून फ्रेम वाढतात का बघ आणि कार्ड किती टक्के चालतंय ते सांग.