पडणारीच दाढ, मग वाचवायची कशाला?

"माझी मुलगी पाच वर्षांची आहे. खालची दुसरी दुधाची दाढ किडली आहे. डॉक्टर म्हणतात, वरची नस काढून औषध भरू आणि स्टीलची कॅप बसवू. पडणारच आहे ती, तर काढूनच का टाकू नये? आणि ते औषध मुलांना घातक असतं असं ऐकलंय, ते खरं का?"

पडणार आहे हे खरं, पण कधी? खालची दुसरी दुधाची दाढ साधारण दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते. म्हणजे तिला अजून पाच ते सात वर्षं चावायचं काम करायचंय. त्याहून मोठं काम जागा राखण्याचं. सहाव्या वर्षी तिच्या मागून पहिली कायमची दाढ येते आणि येताना ती दुधाच्या दाढेच्या मागच्या कडेला टेकून आपली जागा धरते. ती कडच नसली तर कायमची दाढ पुढे सरकते, आणि खालून यायच्या उपदाढेची वाट बंद होते. काढलेल्या दाढेच्या जागी जागा राखणारं साधन बसवता येतं, पण मागची कायमची दाढ अजून हिरडीखाली असेल तर ते साधन हिरडीत खुपसूनच बसवावं लागतं. ते सांभाळणं अवघड असतं. म्हणून या वयात ही दाढ वाचवण्यासारखी असेल तर वाचवावी, असं आमचं ठाम मत आहे.

वाचवण्यासारखी आहे की नाही, ते कसं ठरतं? साडेपाच वर्षांच्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. तिचीही हीच दाढ होती, खालची डावी. थंड पाणी प्यायलं की कळ यायची आणि मिनिटभरात थांबायची. खाताना घास अडकला की दुखायचं. आईला आम्ही एकच प्रश्न दोनदा विचारला: रात्री झोपेतून दुखून उठते का? नाही. हिरडीवर पुळी, सूज? नाही. दाढ हलत नव्हती. एक्स-रेमध्ये कीड नसेपर्यंत पोचलेली दिसत होती, पण मुळं पूर्ण होती आणि दोन मुळांच्या मधलं हाड शाबूत होतं. दुधाच्या दाढेत बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा याच जागी दिसते, मुळांच्या टोकाशी नाही. ते हाड काळं पडलेलं दिसलं असतं तर पल्पोटॉमीचा, म्हणजे फक्त वरची नस काढून दाढ वाचवण्याचा, विषय तिथेच संपला असता.

पल्पोटॉमीमागचा विचार साधा आहे. कीड वरून आत शिरते, म्हणून सूज आधी दाढेच्या वरच्या पोकळीतल्या नसेला येते, मुळांतली नस अजून निरोगी असू शकते. सुजलेला वरचा भाग काढायचा आणि मुळांतला जिवंत ठेवायचा. पुढे कायमचा दात येताना दुधाच्या दाढेची मुळं विरघळावी लागतात, आणि जिवंत मुळात ते नैसर्गिक क्रमाने होतं.

त्या मुलीला भूल देऊन दाढेभोवती रबर डॅम लावला, म्हणजे लाळ आत येऊ नये. आधी भिंतींवरची सगळी कीड साफ केली आणि मगच पोकळीचं छत उघडलं, नाहीतर कीड आपल्याच हाताने आत ढकलली जाते. छत पूर्ण काढून वरची नस मुळांच्या तोंडापर्यंत खरवडून काढली. मग सलाइनमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा बोळा ठेवून हलका दाब दिला. कोरडा कापूस चालत नाही. तो गुठळीला चिकटतो आणि उचलताना गुठळीसकट निघून पुन्हा रक्त सुरू करतो.

सगळा निकाल या बोळ्याखाली लागतो. रक्त लालभडक असून पाच मिनिटांच्या आत थांबलं, तर मुळांतली नस निरोगी मानायची. गडद रक्त येतच राहिलं, तर सूज मुळांतही उतरली आहे. मग पल्पोटॉमी सोडून मुळांतली नसही काढावी लागते, किंवा दाढच काढावी लागते. हिच्या बाबतीत तीन मिनिटांनी बोळा उचलला, तर दोन मुळांची तोंडं कोरडी होती आणि एका बाजूने रक्त झिरपत होतं. घाईने मुळाला दोष दिला असता तर चूक झाली असती. भिंगातून पाहिलं तेव्हा छताची एक बारीक कड राहून गेली होती आणि तिच्याखाली नसेचा धागा लोंबत होता. तो काढला, पुन्हा बोळा ठेवला आणि दोन मिनिटांत रक्त थांबलं.

आता औषध. तुम्ही ऐकलंय ते फॉर्मोक्रेसॉलबद्दल. यातलं फॉर्माल्डिहाइड नसेचं वरचं टोक गोठवून ठेवतं. अनेक दशकं हेच वापरलं गेलं आणि दाढा टिकल्याही. पण 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. दाढेत वापरतात ती मात्रा अगदी थेंबभर असते, तेव्हा एखाद्या मुलाला ते आधी लावलं गेलं असेल तर घाबरून दाढ उकरू नये. मात्र चांगला पर्याय हाताशी असताना ते नव्याने निवडायचं कारण आम्हाला दिसत नाही.

तो पर्याय म्हणजे एमटीए, किंवा त्याच कुळातलं बायोडेंटिन. ही कॅल्शियम सिलिकेटची सिमेंटं आहेत. ती नसेला मारत नाहीत, जखमेवर घट्ट झाकण घालतात आणि त्यांच्याखाली नस स्वतः कठीण थर तयार करते. एमटीएची तीन भाग पूड आणि एक भाग पाणी मिसळलं की ओल्या वाळूसारखं मिश्रण होतं. ते मुळांच्या तोंडांवर दोन-तीन मिलिमीटर जाड बसवून ओल्या बोळ्याने हलकं दाबायचं. फेरिक सल्फेट हे स्वस्त औषधही वापरतात, पंधरा सेकंद पुरतात. पण ते रक्त स्वतःच थांबवतं, म्हणून सुजलेली नसही निरोगी वाटू शकते. ते लावायचं असेल तर आधी नुसत्या सलाइनच्या बोळ्याने रक्त थांबतंय का, हे पाहिलंच पाहिजे.

एमटीएवर ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट भरून त्याच बैठकीत स्टीलची कॅप बसवली. कॅप पुढच्या महिन्यात बसवू, असं म्हणू नका. पोकळ झालेल्या दाढेच्या भिंती पातळ असतात, तडकतात, आणि फटीतून जंतू आत गेले की चांगलं औषधही हरतं. पहिले दोन-तीन तास ओठ बधिर असतो, तोवर खायला देऊ नका आणि मूल ओठ चावत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

नंतर हिरडीवर पुळी, दाढ हलणं किंवा चावताना दुखणं यांतलं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा; काही नसेल तर दर सहा महिन्यांनी दाखवा. त्या मुलीच्या सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये मुळांमधलं हाड पूर्वीसारखंच होतं. कॅपची मागची कडही नीट बसलेली होती. हे मुद्दाम पाहावं लागतं, कारण कड मागे आली असेल तर येणारी दाढ तिच्याखाली अडकते. हिची सहाव्या वर्षाची दाढ कॅपला टेकून वर येत होती.