फिजिओथेरपी क्लिनिकचे अपॉइंटमेंटचे आणि नंतर विचारपूस करणारे मेसेज जाहिरातीसारखे न वाटता आपुलकीचे कसे वाटतील?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आता मिरजेत माझं छोटं क्लिनिक आहे. त्याआधी एका मोठ्या शहरात, अनेक शाखा असलेल्या क्लिनिकमध्ये नोकरी करत होते. तिथे जे घडलं त्यामुळे या विषयावर माझं मत पक्कं झालं आहे. मेसेज आपुलकीचा वाटतो की नाही हे शब्दांवर फार कमी ठरतं. पाठवणाऱ्याला पेशंटची आजची अवस्था माहीत आहे का, यावर सगळं ठरतं.

तिथे एक निवृत्त शिक्षक यायचे. गुडघा बदलायचं ऑपरेशन झालेलं, दुसरा आठवडा चालू होता. गुडघा नव्वद अंशांच्या जवळ आला होता, प्रगती चांगली होती. एक दिवस व्यायामाआधी मी पाय बघितला तर पोटरी दुसऱ्या पायापेक्षा स्पष्ट जाड, हाताला गरम, दाबल्यावर कळ. ऑपरेशननंतर घोट्यापर्यंत सूज उतरतेच, पण हे तसं नव्हतं. मी व्यायाम घेतला नाही, तिथूनच सर्जनना फोन केला. त्याच दिवशी पायाच्या शिरांची डॉपलर तपासणी झाली, शिरेत रक्ताची गाठ निघाली, ते ॲडमिट झाले आणि रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते फक्त 'गैरहजर' होते. सात दिवस जो येत नाही त्याला आपोआप मेसेज जायचा. सरांना हॉस्पिटलच्या खाटेवर तो मिळाला: ‘वुई मिस यू! तुमचं 10 सेशनचं पॅकेज संपत आलंय. आजच बुक करा, पुढच्या पॅकेजवर 15% सूट!’ त्यांच्या मुलीने रिसेप्शनला फोन केला. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, “तुम्हीच पाठवलंत ना त्यांना हॉस्पिटलमध्ये?”

मालकांचं म्हणणं होतं की मेसेज ऑटोमॅटिक जातात, लोक ते मनावर घेत नाहीत आणि रिकामा स्लॉट म्हणजे तोटा. मी म्हटलं, यादीत 'का येत नाहीत' हा रकाना घाला: आम्हीच थांबवलं, गावी गेले, दुखणं वाढलं म्हणून सोडलं, बरं वाटलं म्हणून सोडलं. या चौघांना एकच मेसेज जाऊच शकत नाही. त्यांनी तो रकाना घातला नाही.

आता तुमच्या कामाचं. माझ्याकडे आदल्या संध्याकाळी जो मेसेज जातो तो असा: ‘नमस्कार काका, उद्या सकाळी 11 ला भेटू. सैल पायजमा घालून या. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली असेल तर निघायच्या अर्धा तास आधी घ्या. जमणार नसेल तर इथेच कळवा.’ खाली माझं नाव. यात ‘डिअर पेशंट’ नाही, नकाशाची लिंक नाही (चौथ्यांदा येणाऱ्याला ती कशाला?). पायजमा आणि गोळी हे दोन तपशील वाचले की कळतं, लिहिणाऱ्याला माणूस माहीत आहे.

त्याहून महत्त्वाचा मेसेज पहिल्या सेशनच्या दुसऱ्या दिवशीचा. लोक सोडून जातात ते बहुतेक याच टप्प्यावर. व्यायामानंतर अंग दुखतं, त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं, आणि ते विचारायला संकोचतात. म्हणून मी आधीच लिहिते: ‘काल पहिल्यांदा नीट वाकवलं, आज जड वाटेल, ते चालतं. बर्फ कापडात गुंडाळून 15 मिनिटं ठेवा. रात्री दुखण्याने झोप मोडली असेल तर आज व्यायाम निम्मेच करा आणि मला सांगा.’ ऑपरेशनच्या पेशंटला आणखी एक ओळ: ‘पोटरी सुजली, गरम लागली किंवा दाबल्यावर दुखली तर व्यायाम थांबवा आणि आधी सर्जनना फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.’ सरांच्या प्रसंगानंतर ही ओळ मी अशा एकाही पेशंटच्या मेसेजमधून गाळलेली नाही.

‘कसं वाटतंय?’ असं विचारू नका. उत्तर ‘बरं आहे’ असंच येतं. गुडघ्याच्या पेशंटला विचारा, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का. खांदा आखडलेल्या काकूंना विचारा, वेणी घालता येते का, त्या कुशीवर झोप लागते का. अशा प्रश्नाला खरं उत्तर येतं आणि पुढच्या वेळी काय घ्यायचं तेही कळतं.

पण उत्तर यायला वाट हवी. बल्क एसएमएस हेडरवरून, म्हणजे नंबराऐवजी दिसणाऱ्या नावावरून येतो आणि त्याला उत्तर देता येत नाही. त्यात ‘काही त्रास असल्यास कळवा’ लिहिणं मला चुकीचं वाटतं. मी क्लिनिकच्या व्हॉट्सॲप बिझनेस नंबरवरून लिहिते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना त्याच नंबरवरून एसएमएस करते. देवनागरीत एक एसएमएस 70 अक्षरांचाच, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतात; ‘नमस्कार’ची सात होतात. लांब मेसेजचे तुकडे पडतात, पैसे जास्त लागतात. तरी मराठीतच पाठवा. सत्तरीतल्या माणसाने इंग्रजीतली सूचना नातवाकडून वाचून घ्यायची का?

सूट, पॅकेज, रिव्ह्यूची विनंती यांपैकी काहीही या मेसेजात नको. नियमही हा भेद करतात. बल्क एसएमएससाठी डीएलटी या सक्तीच्या नोंदणी व्यवस्थेत मजकुराचे साचे आधी मंजूर करून घ्यावे लागतात. तिथे सर्व्हिस आणि प्रमोशनल टेम्प्लेट वेगळी मंजूर होतात, हेडरच्या शेवटी -S किंवा -P दिसतं. व्हॉट्सॲपवर युटिलिटी, म्हणजे कामाच्या सूचनेच्या टेम्प्लेटमध्ये ऑफर घुसवली तर ते टेम्प्लेट मार्केटिंगमध्ये टाकलं जातं. पॅकेजमधले किती सेशन शिल्लक आहेत हे जरूर कळवा, ती माहिती आहे. पुढचं पॅकेज विकायचं असेल तर समोर बसून बोला.

आणि रिकाम्या स्लॉटबद्दल, जे मला तेव्हा मालकांना पटवता आलं नाही. ज्याला उत्तर देता येतं तो आदल्या रात्रीच ‘उद्या जमणार नाही’ लिहितो, आणि तो स्लॉट मी वेटिंगवरच्या माणसाला देते. एकतर्फी मेसेज मिळालेला माणूस नुसताच येत नाही. तोटा कुणाचा होतो ते तुम्हीच बघा.

हे सगळं हाताने लिहायचं तर रोज पंधरा-वीस पेशंटपर्यंतच जमतं. त्यापुढे आदल्या दिवशीची आठवण सॉफ्टवेअरवर सोडा, दुसऱ्या दिवसाची विचारपूस मात्र उपचार करणाऱ्यानेच करावी. कुणी न सांगता आलं नाही तर एक मेसेज, मग एक फोन, त्यानंतर पाठपुरावा नको. पहिल्याच भेटीत विचारून ठेवा की नंबर कुणाचा आहे. पुष्कळदा तो पुण्यातल्या मुलाचा असतो आणि सूचना घरी पोचतच नाही. फोन घरात सगळ्यांच्या हातात असेल तर आजाराचं नाव लिहू नका. बाळंतपणानंतर लघवीवर ताबा राहत नाही म्हणून येणाऱ्या बाईला ‘उद्या 4 वाजता भेटू’ एवढंच पाठवा, बाकीचं ती आल्यावर बोला.