तेलाखालची पेस्ट बाहेर ठेवू नका

प्रश्न: आलं-लसणाची पेस्ट करून वर तेल ओतलं आणि बरणी फडताळात ठेवली. आठ दिवसांत पेस्ट हिरवी झाली. फेकावी का? जास्तीचा माल चार-सहा महिने टिकवायचा कसा?

उत्तर: ताई, पेस्ट फेकून द्या, पण हिरवी झाली म्हणून नव्हे. लसूण वाटल्यावर त्यातले गंधकयुक्त घटक आपसांत मिसळून कधीकधी हिरवट-निळसर रंग येतो. तो निरुपद्रवी असतो. खरा धोका तेलाचा आहे. लसूण आणि आलं मातीशी लागून वाढतात, त्यामुळे त्यांवर बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. तेलाने हवा तुटली, पेस्ट आंबट नसली आणि बरणी उबेत राहिली, की ते वाढून विष तयार करतात. या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही, म्हणून चाखूनही पाहू नका. चमचाभर मिठाने हा धोका टळत नाही.

महिनोन्महिने पेस्ट हवी असेल तर ती गोठवाच. समजा, सोललेला लसूण एक किलो आणि धुऊन खरवडलेलं आलं एक किलो आहे. आलं आडवं चिरा, म्हणजे धागे तुटतात. दोन्ही पूर्ण कोरडं करून शक्यतो पाणी न घालता वाटा. मिक्सर फिरत नसेल तर थोडं तेल चालेल, कारण पेस्ट लगेच उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये जाणार आहे. जाड पिशवीत बोटभर जाडीचा थर करा, हवा काढा आणि सुरीच्या पाठीने चौकोनांच्या रेघा ओढा. गोठल्यावर लागेल तेवढा चौकोन मोडून थेट फोडणीत टाका. सहा महिन्यांपर्यंत चव चांगली राहते. वितळलेली पेस्ट फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. वीज गेल्यावर पेस्टमध्ये बर्फाचे कण उरले असतील तर ती पुन्हा गोठवता येते. पूर्ण वितळून उबेला तासन् तास राहिली असेल तर टाकून द्या.

आलं तर अख्खंही गोठतं. वितळल्यावर ते लिबलिबीत होतं, म्हणून गोठलेलंच किसा.

फ्रीजरमध्ये जागा नसेल तर वाळवा. आल्याची साल पातळच खरवडा, सुगंधी तेल सालीलगतच असतं. तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या ड्रायरमध्ये सुमारे ६० अंशांवर ठेवा. किलोभर आल्याचे साधारण दोनशे ग्रॅम उरतात. लसणाच्या पातळ चकत्याही अशाच वाळतात, मात्र आच वाढली तर तपकिरी आणि कडवट होतात. चकती वाकली तर ओल आहे, कट्‌कन मोडली तर झालं. गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरा आणि आठवडाभर रोज हलवून पाहा. काचेला आतून बाष्प दिसलं तर पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी टाका, वरचा थर काढून भागत नाही.