आठव्या दिवशी काढलेलं रक्त आणि प्रोटीन सी-एसचा रिपोर्ट

प्रश्न: "भाऊ ३४ वर्षांचा, परभणीला असतो. डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली, डॉपलरमध्ये मांडीपर्यंत. ७ दिवस पोटात एनोक्सापॅरिनची इंजेक्शनं दिली, दुसऱ्या दिवसापासून रक्त पातळ करायची अ‍ॅसिट्रोम गोळी चालू केली. आठव्या दिवशी थ्रोम्बोफिलिया पॅनेल, म्हणजे रक्तात गाठी होण्याचा कल आहे का ते बघायच्या तपासण्या, केलं. प्रोटीन सी ३८ टक्के, प्रोटीन एस ३१, अँटिथ्रॉम्बिन ७४, ल्युपस 'वीक पॉझिटिव्ह', फॅक्टर फाइव्ह लायडन निगेटिव्ह. त्या दिवशी आयएनआर २.६ होता. जन्मजात दोष आहे, गोळी जन्मभर घ्या म्हणायलेत. बहिणीचं लग्न ठरायलंय. तिचीही तपासणी करावी का?"

दादा, या रिपोर्टात सगळ्यात कामाचा आकडा आयएनआरचा, म्हणजे गोळीने रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा, आहे, आणि नेमका तोच पॅनेलच्या कागदावर छापलेला नसतो. मी लातूरकडे रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलावर २० वर्षांहून जास्त काळ बसतोय. प्रोटीन सी आणि एस दोन्ही एकदम कमी दिसले की माझा पहिला प्रश्न असतो: पेशंट कुठली गोळी घेतोय?

अ‍ॅसिट्रोम काय करते ते बघा. यकृत गोठण्याचे घटक घडवतं आणि त्यातल्या काहींवर शेवटचा हात फिरवायला व्हिटॅमिन के लागतं. २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे फॅक्टर त्यातलेच, आणि गोठणं आवरणारे प्रोटीन सी आणि एसही त्यातलेच. गोळी व्हिटॅमिन केचं काम अडवते. म्हणजे गाडीचा वेग आणि ब्रेक, दोन्ही एकाच वेळी ढिले होतात. त्यात प्रोटीन सी रक्तात फार टिकत नाही, ६ ते ८ तासांत निम्मं होतं, म्हणून ते आधी खाली येतं. फॅक्टर २ निम्मा व्हायला अडीच दिवसांच्या आसपास लागतात. सुरुवातीला गोळीसोबत इंजेक्शन चालू ठेवतात ते याचसाठी. तुमच्या भावाला ७ दिवस इंजेक्शन दिलं, ते अगदी बरोबर झालं.

आता आयएनआर २.६ म्हणजे गोळी पूर्ण जोरात. अशा माणसाचं प्रोटीन सी ३८ आणि एस ३१ येणं यात नवल काहीच नाही. घोळ असा, की जन्मजात कमतरता असलेल्या माणसाचे आकडेही बहुतेकदा साधारण निम्म्यावर किंवा थोडे खाली असतात. म्हणून नुसत्या आकड्यावरून गोळी कुठली आणि दोष कुठला हे कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही. पण जन्मजात दोषात सहसा एकच प्रोटीन कमी असतं. सी आणि एस दोन्ही वारशाने कमी असलेला माणूस फारच विरळ. दोन्ही जोडीने पडलेत आणि आयएनआर वाढलेला आहे, तर संशय आधी गोळीवर घ्यायचा.

गोळी नसती तरी आठवा दिवस वाईटच होता. ताजी गाठ बनताना ही प्रथिनं खर्च होतात. शिवाय अंगात सूज-दाह असला की प्रोटीन एसला पकडून ठेवणारं एक वाहक प्रथिन वाढतं, आणि मोकळं एस, जे खरं काम करतं, ते कमी होतं. अँटिथ्रॉम्बिन ७४ आलं त्याचा हिशोब वेगळा. त्याला व्हिटॅमिन के लागत नाही, त्यामुळे दोष अ‍ॅसिट्रोमचा नाही. ताजी गाठ आणि आदल्या दिवसापर्यंत चाललेलं हेपॅरिन जातीचं इंजेक्शन, दोघं मिळून ते इतकं खाली आणू शकतात. फॅक्टर फाइव्ह लायडन मात्र जीनची तपासणी आहे. ती गाठीने बदलत नाही, गोळीनेही नाही. ती निगेटिव्ह आली, तो विषय संपला. तसाही तो बदल आपल्याकडे युरोपइतका आढळत नाही.

ल्युपसच्या तपासणीचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलोय. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट म्हणजे गाठी होण्याचा धोका वाढवणारी अँटिबॉडी. या तपासणीत घोणसीचं विष वापरतात. होय, तीच आपल्या शेतातली घोणस. विष पातळ करून प्लाझ्मात टाकलं की ते थेट फॅक्टर १० जागा करतं आणि रक्त गोठायला किती सेकंद लागले ते मोजतात. मग फॉस्फोलिपिड जास्त घालून पुन्हा मोजतात. पहिली वेळ लांबली आणि दुसरीत ती सुधारली, तर ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट आहे असं धरतात. दोन्ही वेळांचं गुणोत्तर साधारण १.२ च्या वर गेलं की पॉझिटिव्हची शंका. आमच्याकडे एका बाईचं गुणोत्तर १.९ आलं. मी समाधानाने पॉझिटिव्ह लिहून सोडलं. फॉर्मवर औषधाचा रकाना रिकामा होता आणि मी फोन करून विचारलं नाही. नंतर कळलं, बाई रिव्हारोक्साबान ही रक्त पातळ करायची नवी गोळी घेत होती, आणि ती गोळी नेमका जागा झालेला फॅक्टर १० अडवते. विषाने जागा केला, गोळीने दाबला, वेळ लांबली, आणि मशीनने त्याला ल्युपस म्हटलं. उरलेल्या प्लाझ्मात औषध शोषून घेणारा कोळसा घालून तोच नमुना पुन्हा चालवला, तर गुणोत्तर नॉर्मल. तोवर त्या बाईला डॉक्टरांनी औषध बदलायचं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून औषधाचा रकाना भरला नसेल तर मी नमुना चालवत नाही, मग तिकडून कितीही आरडाओरडा होवो.

अ‍ॅसिट्रोमवर ही तपासणी वेगळ्या कारणाने बिघडते. फॅक्टरच कमी असल्याने वेळ आपोआप लांबते. भावाचं 'वीक पॉझिटिव्ह' त्यातलंच असण्याची शक्यता मोठी. पण ल्युपस सोडून देऊ नका, कारण पॅनेलमधली हीच बाजू उपचार बदलू शकते. खरा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे अशा अँटिबॉडींमुळे गाठी होण्याचा आजार, असेल, विशेषतः ल्युपस धरून तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असतील, तर रिव्हारोक्साबानसारख्या नव्या गोळ्या टाळतात आणि अ‍ॅसिट्रोम किंवा वॉर्फरिनवरच ठेवतात. या तिन्हीपैकी अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या दोन अँटिबॉडींच्या तपासण्या आहेत. त्यात गोठण्याची वेळ मोजायचीच नसते, म्हणून गोळी चालू असतानाही त्या होतात. त्या आता करून घ्या. पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी परत करायच्या. एकदाच पॉझिटिव्ह आल्या एवढ्यावर निदान होत नाही.

"मग अ‍ॅसिट्रोमऐवजी रिव्हारोक्साबान देऊन प्रोटीन सी-एस करू" असं कुणी सुचवेल. सावध राहा. प्रोटीन सी-एस मोजायची एक पद्धत गोठण्याच्या वेळेवर चालते. त्या पद्धतीत या गोळ्या आकडा खोटा वाढवतात. म्हणजे अ‍ॅसिट्रोम नसलेली कमतरता दाखवते, आणि रिव्हारोक्साबान असलेली कमतरता झाकू शकते. त्यातला दुसरा प्रकार जास्त घातक, कारण 'नॉर्मल' कागदाकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. लॅबला विचारा: प्रोटीन सी क्रोमोजेनिक पद्धतीने करता का, आणि मोकळ्या प्रोटीन एसचं अँटिजेन मोजता का? या दोन पद्धतींना रिव्हारोक्साबानचा त्रास नाही. अ‍ॅसिट्रोमचा मात्र दोन्हींना आहे, कारण तिथे प्रथिनच अर्धवट बनलेलं किंवा कमी असतं.

आता तुमच्या भावाचं काय करायचं. गोळी तपासणीसाठी बंद करू नका. मांडीपर्यंतच्या गाठीला किमान ३ महिने उपचार लागतात आणि सुरुवातीचे आठवडेच परत गाठ होण्याचे असतात. ३ महिन्यांनंतर, किंवा डॉक्टरांनी ६ ठरवले असतील तर तेव्हा, गोळी बंद करायचा विचार निघालाच, तर शेवटच्या अ‍ॅसिट्रोमनंतर किमान २ आठवडे, मी तर म्हणतो ४ आठवडे, थांबून रक्त द्यावं. आणि गाठ विनाकारण झाली म्हणून गोळी तशीच चालू ठेवायची असेल, तर प्रोटीन सी-एस कळून निर्णय बदलत नाही. मग त्याच्यामागे पैसे घालवू नका. उलट प्लास्टर, ऑपरेशन, दीर्घ आजारपण असं काही गाठीआधी झालं होतं का, हे नीट आठवा. ते असेल तर पॅनेलची गरजच कमी होते.

बहिणीचा प्रश्न यातून वेगळा सुटतो. प्रोटीन सी-एसची कमतरता एका पालकाकडून येते. तुमच्या आई-वडिलांपैकी कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत नसेल, तर दोघांचं रक्त आत्ताच तपासता येतं. दोघांचंही सी, मोकळं एस आणि अँटिथ्रॉम्बिन नॉर्मल आलं, तर भावाचा ३८-३१ वारशाने आलेला नाही असं जवळपास धरून चाला. नव्यानेच बदल घडल्याची उदाहरणं असतात, पण थोडी. मग बहिणीला सुई टोचायचं कारण उरत नाही, आणि लग्नाच्या बोलणीत या कागदाचा विषयही नको. आई-वडिलांपैकी एकाचं खरंच कमी निघालं, आणि दुसऱ्या नमुन्यातही कमीच राहिलं, तर बहिणीची तपासणी करा. ते लग्न मोडण्यासाठी नाही. गर्भनिरोधक गोळ्या आणि बाळंतपणाच्या वेळी तिच्या डॉक्टरांना ते माहीत असावं म्हणून. तिची तपासणी गरोदर नसताना आणि तसल्या गोळ्या चालू नसताना करा, कारण दोन्हींत प्रोटीन एस खाली येतं.

एक किस्सा सांगायचा राहिला. मागे एक काका रिपोर्ट हातात घेऊन आले, "प्रोटीन कमी आलंय म्हणायलेत, पोरानं अंडी-डाळ वाढवली तर भरंल का?" हसू नका, नावच तसं आहे. खाण्याच्या प्रोटीनचा याच्याशी संबंध नाही. अ‍ॅसिट्रोम चालू असताना पालक-मेथी मात्र दर आठवड्याला साधारण सारखीच खावी. एका आठवड्यात रोज भाजी आणि पुढच्यात अजिबात नाही, असं झालं की आयएनआर हलतो.

आई-वडिलांचा नमुना देताना निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली का ते डोळ्यांनी बघा. नळीत रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि गोठण्याची वेळ उगीच लांबते. परभणीहून नमुना मुंबई-पुण्याला जाणार असेल तर नुसतं रक्त थर्माकोलच्या डब्यात घालून ट्रॅव्हल्सला टाकतात का, हे विचारा. रक्त काढल्यावर ४ तासांच्या आत प्लाझ्मा दोनदा फिरवून वेगळा करून गोठवलेला असला पाहिजे. प्रोटीन एस उन्हाळ्यात असं तासन् तास टिकत नाही. आणि फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, शेवटचा डोस कधी घेतला, आणि भावाला गाठ कोणत्या तारखेला निघाली.