इओसिनोफिल १ वरून १८ वर गेले, म्हणजे काय झालं?

“मॅडम, आईचे इओसिनोफिल ऑगस्टमध्ये १ टक्का होते, सप्टेंबरमध्ये १८ झाले. बेसोफिलपण १ दाखवतायत. एका महिन्यात एवढे वाढतात म्हणजे रक्ताचा कॅन्सर तर नाही ना?”

मुलगा मुंबईहून रात्रीच्या गाडीने आला होता. आई, वय ४४, शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गाव कोकणातलं, घरची भातशेती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) आमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासल्यावर रिपोर्ट समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं, आणि इओसिनोफिलचा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच.

आधी मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि टक्के बाजूला सारले. इओसिनोफिल आणि बेसोफिल या पांढऱ्या पेशींच्याच दोन जाती, आणि त्यांची टक्केवारी फसवी असते. एकूण पांढऱ्या पेशी ४,००० असताना १० टक्के इओसिनोफिल म्हणजे ४००, हे ठीकच आहे. त्याच १० टक्क्यांचे १२,००० पेशींत १,२०० होतात. काकींच्या पेशी ९,२०० होत्या, त्यातले १८ टक्के म्हणजे १,६५६. साधारण ५०० पर्यंत आपण वाढ मानत नाही. ५०० ते १,५०० सौम्य, त्यापुढे ५,००० पर्यंत मध्यम आणि त्याच्याही वर तीव्र. काकी मध्यमच्या उंबरठ्यावर होत्या. बेसोफिल १ टक्का म्हणजे ९२, तो आकडा वाढलेलाच नव्हता. मुलाने तो काळजीच्या यादीत घातला होता, तो मी तिथेच खोडून टाकला.

मग ऑगस्टमध्ये १ टक्का का? मी काकींना विचारलं, “तेव्हा रक्त कशासाठी काढलं होतं?” खोकला होता, रात्री छातीत घरघर व्हायची. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. पिशवीत जुनी चिठ्ठी सापडली. इंजेक्शन डेक्सामेथासोनचं होतं, म्हणजे स्टिरॉइड. स्टिरॉइडने काही तासांतच रक्तातले इओसिनोफिल खाली येतात. त्यामुळे ऑगस्टचा १ हा औषधाने दाबलेला आकडा होता, काकींचा नेहमीचा नव्हे. मुलगा ज्या उडीला घाबरला होता, तिचा पायाच चुकीचा निघाला.

इओसिनोफिल वाढले की आपल्याकडे पहिला तर्क ॲलर्जीचा होतो आणि बहुतेकदा तो बरोबर असतो. सर्दी, दमा, इसब, एखाद्या औषधाची प्रतिक्रिया, यांत शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. ती कातडीतल्या, नाकातल्या मास्ट पेशींच्या आणि रक्तातल्या बेसोफिलच्या अंगावर चिकटून बसतात. धूळ किंवा परागकण आले की या पेशी आतलं हिस्टामिन सोडतात, म्हणून शिंका आणि खाज. त्याच गडबडीत इओसिनोफिल जास्त तयार होतात आणि सुजलेल्या जागी जाऊन बसतात. बेसोफिल एवढे थोडे असतात की ॲलर्जीतही रिपोर्टवर त्यांचा आकडा क्वचितच हलतो. ते वारंवार, ठळकपणे वाढलेले दिसले, सोबत पांढऱ्या पेशी फार जास्त आणि प्लीहा मोठी असेल, तर मात्र रक्ताच्या दीर्घ आजारासाठी तपासावं लागतं. काकींचं रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा अपक्व पेशी नव्हत्या, पोटाला हात लावून पाहिल्यावर प्लीहाही लागली नव्हती.

काकींना धुळीने शिंका येतात, हे त्यांनीच सांगितलं. कागद इथेच मिटवून रोजची ॲलर्जीची गोळी लिहून देता आली असती. पण त्याच कागदावर वरच्या ओळीत हिमोग्लोबिन ८.९ होतं आणि लाल पेशी आकाराने लहान होत्या. ॲलर्जीने रक्त कमी होत नाही. मी पाळीबद्दल विचारलं, ती बेताचीच होती. मग पायांबद्दल विचारलं.

“लावणीत सगळ्यांच्याच पायांक खाज येता,” काकी म्हणाल्या आणि बोटांच्या बेचक्यातले सुकलेले डाग दाखवले.

चिखल्यांनीही अशी खाज येते. पण खाज, मग आठ-पंधरा दिवसांनी खोकला, मग इओसिनोफिल, सोबत रक्त कमी, हा क्रम ऐकून डॉक्टरांना अंकुशकृमीचा, म्हणजे हुकवर्मचा संशय आला. उघड्यावरच्या विष्ठेतून त्याच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशात येऊन गिळल्या जातात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. अळी शरीराच्या मांसातून प्रवास करते तेव्हा इओसिनोफिल सर्वांत जास्त चेततात. एवढा मोठा जंत पांढरी पेशी गिळू शकत नाही, म्हणून इओसिनोफिल त्याला चिकटून आपल्या दाण्यांतली विषारी प्रथिनं त्याच्यावर ओततात. आतड्यातच राहणाऱ्या अमिबा किंवा जिआर्डियाने इओसिनोफिल सहसा वाढत नाहीत. “पोटात जंतू आहेत” एवढं म्हणून भागत नाही, कुठला जंतू हे महत्त्वाचं.

शौचाचा पहिला नमुना कोरा आला. मुलगा म्हणाला, “मग जंत नाहीतच.” असं होत नाही. संसर्ग नवा असताना कित्येक आठवडे अंडी दिसतच नाहीत, आणि नंतरही रोज सारखी पडत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन ताजे नमुने मागवतात. काकींच्या दुसऱ्या नमुन्यात अंडी सापडली.

अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून आणि लोहाच्या गोळ्या, एवढंच औषध. शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते ती १ ते १९ वयासाठी. पन्नास-पन्नास दिवस चिखलात उभी राहणारी बाई त्यात येत नाही, हे मला फार खटकतं.

एक गोष्ट मी मुलाला दोनदा सांगितली. पुन्हा खोकला झाला तर स्वतःहून स्टिरॉइड घ्यायचं नाही. मातीतूनच येणारा स्ट्राँगिलॉइड्स नावाचा दुसरा एक कृमी आहे, तो शरीरातच वाढत राहतो आणि स्टिरॉइडने जिवावर बेतू शकतो. अल्बेंडाझोलची एक गोळी त्याला पुरत नाही. फायलेरियाच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या भागातल्या माणसाला रात्रीचा खोकला असेल आणि इओसिनोफिल ३,००० च्या वर असतील, तर तोही वेगळा आजार आहे, त्याला वेगळं औषध लागतं.

“आकडा कधी उतरेल?” हा शेवटचा प्रश्न. लगेच नाही. जंत मरताना काही दिवस तो वाढूही शकतो, म्हणून पुढच्या आठवड्यात रक्त काढायचं नाही असं मी बजावलं. तीन महिन्यांनीही १,५०० च्या वर राहिला, किंवा मध्येच धाप, छातीत दुखणं, हातापायांना मुंग्या, ताप, वजन घटणं असं काही झालं, तर मोठ्या दवाखान्यात रक्तविकारतज्ज्ञांकडे, कारण इओसिनोफिल फार काळ जास्त राहिले तर हृदयालाही इजा करतात.

डिसेंबरमध्ये काकी एकट्याच आल्या. पेशी ८,०००, इओसिनोफिल ७ टक्के, म्हणजे ५६०. हिमोग्लोबिन १०.८. लोहाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या, “बरा वाटता” म्हणून. त्या पुन्हा सुरू केल्या, हिमोग्लोबिन १२ झाल्यावरही तीन महिने घ्यायच्या असं चिठ्ठीवर लिहून दिलं. लावणीला गमबूट घालाल का, असं विचारलं तर म्हणाल्या, चिखलात रुतून बसतात, पाय निघत नाही. घोट्याला दोरीने बांधून बघणार आहेत.