बाकी भरली नाही म्हणून केस पेपर अडवता येतात का?

प्रश्न : माझ्या आईला 9 ऑगस्ट 2025 रोजी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात दाखल केले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि 21 ऑगस्टला घरी सोडले. ‘औषधे व साहित्य’ या एकाच ओळीत 1,38,000 रुपये लावले होते, म्हणून मी शेवटचे 18,000 रुपये दिले नाहीत. विमा कंपनी आता डिस्चार्ज समरी, सविस्तर बिल आणि आंतररुग्ण केस पेपर मागते. रुग्णालय म्हणते, आधी बाकी भरा, आणि केस पेपर कोर्टाच्या आदेशाशिवाय मिळत नाहीत. काय करावे?

उत्तर : रुग्णालयाची दोन्ही कारणे कायद्यात बसत नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांतील 1.3.2 नुसार रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केल्यास तिची पोच द्यावी लागते आणि 72 तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. रुग्णाने आधी कोर्टात जावे किंवा बाकी भरावी, अशी अट त्यात नाही. 2023 मध्ये नवे विनियम आले, परंतु ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाल्याने 2002 चेच विनियम लागू राहिले. मुंबई उच्च न्यायालयानेही 1996 मध्ये राहेजा प्रकरणात रुग्णाला केस पेपरच्या प्रती देण्याचे रुग्णालयांचे कर्तव्य स्पष्ट केले होते. मूळ केस पेपर रुग्णालयाने स्वतःकडे ठेवावेत, त्याला हरकत नाही. आपला हक्क प्रतींवर आहे, आणि झेरॉक्सचा वाजवी खर्च मात्र आपण द्यावा व त्याची पावती घ्यावी. 18,000 रुपये खरोखर देणे असतील, तर ते वसूल करण्याचा दिवाणी मार्ग रुग्णालयाला मोकळा आहे. त्यासाठी कागद ओलीस ठेवता येत नाहीत.

अर्ज आपल्या नव्हे, आईच्या नावाने आणि तिच्या सहीने करावा, कारण हक्क रुग्णाचा आहे. प्रती आपण घेणार असल्यास सोबत तिचे अधिकारपत्र व दोघांची ओळखपत्रे जोडावीत. अर्ज वैद्यकीय अधीक्षक आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या दोघांना उद्देशून असावा. येथे बहुतेकांची गफलत होते : 2002 चे विनियम नोंदणीकृत डॉक्टरांना बांधतात, रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीला नव्हे. केवळ ‘व्यवस्थापक’ असा पत्ता घातलेला अर्ज पुढे महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करताना दुबळा ठरतो. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्यावी, कारण 72 तास मोजण्याचा पुरावा तोच. पोच देण्यास नकार मिळाला, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि रुग्णालयाच्या ईमेलवर अर्ज पाठवावा.

अर्जात ‘सर्व कागदपत्रे’ एवढेच लिहिल्यास डिस्चार्ज समरीची एक प्रत हाती ठेवून मोकळे होण्याची शक्यता असते. म्हणून दाखल करतानाच्या नोंदी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, औषध तक्ता, संमतीपत्रे, भूल व शस्त्रक्रियेच्या नोंदी, तपासणी अहवाल, डिस्चार्ज समरी आणि बाबवार बिल असे नावानिशी मागावे, तसेच एकूण पृष्ठसंख्या लिहून प्रत्येक पानावर शिक्का मारून द्यावा, अशी विनंती करावी. आपल्या वादाचा निकाल बहुधा औषध तक्त्यातच लागेल. एखादे इंजेक्शन बिलात चौदा वेळा लावलेले असेल आणि तक्त्यावर परिचारिकेच्या सहीने ते दहाच वेळा दिल्याचे दिसत असेल, तर उरलेल्या चारांचा हिशेब रुग्णालयाने द्यावा लागेल. न वापरलेली औषधे परत केल्याची नोंद बिलात आहे का, हेही तेथेच पडताळावे.

72 तास उलटल्यावर डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. रुग्णालयाविरुद्धचा मार्ग वेगळा आहे : महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खालची नोंदणी शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, म्हणून तक्रार तेथे करावी, 2021 च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनदही समाविष्ट आहे. शिवाय बिल किंवा पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलाच्या वादासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आपण ती डिस्चार्जच्या तारखेपासूनच मोजावी आणि 20 ऑगस्ट 2027 च्या बऱ्याच आधी तक्रार दाखल करावी.

आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जपण्याचे बंधन आहे. म्हणजे आपल्या बाबतीत ही मुदत ऑगस्ट 2028 च्या दुसऱ्या आठवड्यातच संपते, आणि नंतर ‘कागद नष्ट केले’ हे उत्तर खोडणे कठीण जाते. दरम्यान, विमा कंपनीला शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत लगेच पाठवून, विलंब रुग्णालयाकडून होत असल्याचे लेखी कळवावे आणि मुदतवाढ मागावी. 18,000 रुपये भरण्याचा निर्णय झालाच, तर पावतीसोबत ‘हक्क राखून भरणा’ असे पत्र द्यावे, म्हणजे बिल आपल्याला मान्य होते, असा अर्थ पुढे लावता येणार नाही.